लायसन्सवर जेवढे, अनुवादात तेवढेच

जर्मनीत नोकरीला किंवा शिकायला गेलेल्या मराठी माणसाच्या कामांच्या यादीत लायसन्सचा नंबर बहुतेक वेळा शेवटचा असतो. राहत्या पत्त्याची नोंद, बँकेतले खाते, आरोग्यविमा, व्हिसाची मुदतवाढ ही सगळी कामे आधी उरकायची असतात. मग केव्हातरी लक्षात येते, की भारतीय लायसन्सवर तिथे सहाच महिने गाडी चालवता येते आणि हे सहा महिने तिथे मुक्काम थाटल्या दिवसापासून धरले जातात. पुढे जर्मन लायसन्स घ्यावे लागते. तेव्हा घाईने पाकिटातले कार्ड टेबलावर ठेवून मोबाईलवर एक फोटो काढला जातो आणि व्हॉट्सॲपवरून अनुवादकाकडे जातो. ‘एवढेसे कार्ड, पाच मिनिटांचे काम’ अशी पाठवणाऱ्याची समजूत असते. ती चुकीची आहे. त्या एवढ्याशा कार्डावर चार-पाच वेगवेगळ्या तारखा असतात, प्रत्येकीचा उपयोग निराळा असतो, आणि त्यांतली एक जरी चुकीच्या रकान्यात गेली तरी समोरचे कार्यालय अर्ज बाजूला ठेवू शकते.

भारतीय लायसन्स इंग्रजीत असते, मग अनुवाद कशाला, असे अनेकजण विचारतात. जर्मनीच्या चालक परवाना नियमावलीचे कलम २९ सांगते, की युरोपीय संघाबाहेरचे, जर्मन भाषेत नसलेले आणि १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक कराराच्या नमुन्यात न बसणारे लायसन्स अनुवादासह जवळ बाळगले पाहिजे. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांतही गाडी चालवताना अनुवाद हवा, आणि नंतर जर्मन लायसन्ससाठी अर्ज करतानाही हवा. काही देशांची लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळतात. भारताचे नाव त्या यादीत नाही. म्हणून आपल्या माणसाला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र नवशिक्यासाठी सक्तीचे असलेले ड्रायव्हिंग स्कूलचे तास त्याला माफ असतात. ही माफी कशाच्या आधारावर, तर त्याच्याकडे आधीपासून लायसन्स आहे या आधारावर. ते आहे की नाही, कोणत्या गाड्यांचे आहे आणि केव्हापासूनचे आहे, हे कार्यालयातला माणूस अनुवाद वाचूनच ठरवतो.

आपण एक लायसन्स समोर ठेवू. माणूस काल्पनिक आहे, पण अशी कार्डे पुण्यात घरोघरी सापडतील. जन्म ३ फेब्रुवारी १९८०. पुणे आरटीओचे लायसन्स, १२ ऑगस्ट २००४ रोजी मिळालेले, दुचाकी आणि मोटार दोन्हींसाठी. २०११ मध्ये घरची टुरिस्ट गाडी चालवता यावी म्हणून त्याने व्यावसायिक वाहनाची परवानगी जोडून घेतली, बिल्लाही काढला. पुढे नोकरी बदलली आणि ती परवानगी त्याने वाढवली नाही. जानेवारी २०२४ मध्ये तो श्टुटगार्टला राहायला गेला. ऑगस्टमध्ये लायसन्सची मुदत संपत होती, म्हणून मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा नूतनीकरण करून घेतले. हातात नवे कार्ड आले, आणि जूनमध्ये त्याने त्याचा फोटो अनुवादासाठी पाठवला.

पहिली अडचण फोटोचीच. स्मार्ट कार्ड गुळगुळीत असते, त्यावर चमकणारी सुरक्षा-चिन्हे असतात. वरच्या दिव्याचा किंवा फ्लॅशचा उजेड नेमका तारखेवर पडतो आणि ३ चा ८ होतो, १ चा ७ होतो, ५ आणि ६ एकमेकांत मिसळतात. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना त्याचा आकार लहान करते, त्यात बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. म्हणून फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढावा. कार्ड गडद, सपाट पृष्ठभागावर ठेवावे, चारही कोपरे दिसले पाहिजेत, आणि फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते. मागची बाजू हमखास विसरली जाते. खरे तर नव्या नमुन्याच्या कार्डावर वाहनांचे वर्ग आणि त्यांच्या तारखा मागेच असतात. पुढची बाजू पाहून नाव आणि मुदत कळते, पण हा माणूस काय चालवू शकतो ते कळत नाही.

अनुवादक स्वतः मूळ कार्ड पाहत नसेल, तर त्याने प्रमाणपत्राच्या ओळीत तसे स्पष्ट लिहायला हवे, की हा अनुवाद मूळ दस्तऐवजाच्या छायाचित्रावरून केला आहे. काही ग्राहकांना ही ओळ खटकते, त्यामुळे अनुवाद कच्चा ठरेल अशी त्यांना भीती वाटते. माझ्या मते ती ओळ ग्राहकाच्याच हिताची आहे. कार्यालय मूळ कार्ड मागणारच असते. त्या ओळीमुळे अनुवाद कशाशी ताडून पाहायचा हे त्यांना समजते, आणि अनुवादकाने न पाहिलेल्या गोष्टीची हमी दिली, असा आक्षेप कोणी घेऊ शकत नाही.

आता वाहनांचे वर्ग. आपल्या कार्डावर MCWG, LMV आणि LMV-TR अशी संक्षिप्त अक्षरे आहेत. पहिले गिअर असलेल्या मोटरसायकलसाठी, दुसरे हलक्या मोटार वाहनासाठी आणि तिसरे व्यावसायिक वापराच्या हलक्या वाहनासाठी. इथे सर्वांत मोठा मोह होतो तो LMV च्या जागी B आणि MCWG च्या जागी A असे लिहून टाकण्याचा. जर्मन कार्यालयाला B समजते, ग्राहकालाही तेच हवे असते, आणि मोटारीचे लायसन्स म्हणजे B हे तर सर्वांना ठाऊक आहे. पण युरोपातला B वर्ग साडेतीन हजार किलोपर्यंतच्या आणि चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ जणांच्या गाडीसाठी आहे. भारताच्या मोटार वाहन कायद्यातली LMV ची मर्यादा साडेसात हजार किलो आहे. शिवाय मालवाहू गाडी आणि बस यांच्या बाबतीत ती भरलेल्या वाहनाच्या एकूण वजनावर मोजतात, तर मोटार, ट्रॅक्टर आणि रोडरोलर यांच्या बाबतीत रिकाम्या वजनावर. साडेतीन ते साडेसात हजार किलोच्या गाड्यांना जर्मनीत C1 नावाचा निराळा वर्ग आहे, शेतीच्या ट्रॅक्टरला आणखी निराळा. म्हणजे LMV हा B पेक्षा मोठा आहे, आणि कोणत्याही एका जर्मन वर्गात तो पुरता मावत नाही. दुचाकीचेही तसेच. युरोपात १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत A1, ३५ किलोवॉटपर्यंत A2, आणि त्यापुढे A अशा पायऱ्या आहेत. आपल्या MCWG ला इंजिनाच्या ताकदीची अशी पायरीच नाही.

म्हणून अनुवादात संक्षिप्त अक्षरे कार्डावर आहेत तशीच ठेवायची आणि त्यांच्या शेजारी अर्थ लिहायचा: LMV, हलके मोटार वाहन. कायद्यातली वजनाची मर्यादा सांगायची असेल तर ती ‘अनुवादकाची टीप’ असे स्पष्ट म्हणून खाली द्यायची, म्हणजे ती कार्डावर छापलेली आहे असा समज होणार नाही. भारतीय वर्ग कोणत्या जर्मन वर्गाशी जुळतो, हे ठरवणे परवाना कार्यालयाचे काम आहे. जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची मोठी संघटना परदेशी लायसन्सचा अनुवाद आणि त्यासोबत असे वर्गीकरण दोन्ही करून देते. काही शहरांतली कार्यालये वर्गीकरणासह अनुवादच मागतात. तेव्हा अनुवाद करून घेण्याआधी आपल्या गावच्या कार्यालयाला काय चालते ते विचारून घ्यावे, नाहीतर पैसे दोनदा जातात.

जर्मन लायसन्सवर अंकी खुणाही असतात. चष्मा लागत असेल तर ०१, फक्त ऑटोमॅटिक गाडी चालवता येत असेल तर ७८. भारतीय कार्डावरचा LMV गिअरबॉक्सबद्दल काहीच सांगत नाही. ग्राहकाने फोनवर सांगितले की तो कायम ऑटोमॅटिकच चालवतो, तरी ते अनुवादात येता कामा नये. फोटोत चष्मा दिसतो म्हणून चष्म्याची नोंदही आपल्या मनाने करायची नाही.

तारखांकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे, कारण आपल्या माणसाचा सगळा प्रश्न तिथेच आहे. नव्या कार्डावर पुढच्या बाजूला कार्ड दिल्याची तारीख आहे, १७ मे २०२४. प्रथम लायसन्स मिळाल्याची तारीख वेगळी छापलेली आहे, १२ ऑगस्ट २००४. मुदतीच्या दोन नोंदी आहेत. NT, म्हणजे खासगी वापराची वाहने, २०३४ पर्यंत. TR, म्हणजे व्यावसायिक वाहने, २० जून २०१४ पर्यंत. मागच्या बाजूला प्रत्येक वर्गापुढे तो वर्ग मिळाल्याची तारीख आहे, MCWG आणि LMV यांच्यापुढे २००४ ची, LMV-TR पुढे २१ जून २०११ ची.

घाईतला अनुवाद यातून दोनच गोष्टी उचलतो: ‘दिल्याची तारीख १७ मे २०२४, मुदत २०३४ पर्यंत’. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि तरीही हा अनुवाद त्या माणसाला अडचणीत आणणारा आहे. जर्मन नियमावलीनुसार, जर्मनीत राहायला आल्यानंतर परदेशात जाऊन मिळवलेले लायसन्स तिथे धरले जात नाही. लोकांनी सुट्टीत दुसऱ्या देशात जाऊन सोप्या मार्गाने लायसन्स आणू नये, हा त्यामागचा हेतू. आपला माणूस जानेवारी २०२४ पासून श्टुटगार्टचा रहिवासी आहे. मे २०२४ ही एकच तारीख वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटणार, की याने इथे राहायला आल्यावर भारतात जाऊन लायसन्स काढले. वीस वर्षे गाडी चालवलेला माणूस एका रकान्यामुळे नवशिक्यांच्या रांगेत जातो.

याच तारखेवर आणखी एक गोष्ट ठरते. जर्मनीत पहिल्यांदा लायसन्स मिळालेल्या चालकाला दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ असतो. त्या काळात मद्याचा एक थेंबही चालत नाही, आणि गंभीर नियमभंग झाला तर सक्तीचा वर्ग करावा लागतो व हा काळ आणखी दोन वर्षांनी वाढतो. परदेशी लायसन्स असलेल्याच्या बाबतीत ते लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ या दोन वर्षांत धरला जातो. २००४ ची तारीख अनुवादात असेल तर परिवीक्षा कधीच संपलेली आहे. ती नसेल, तर चव्वेचाळीस वर्षांचा माणूस अठरा वर्षांच्या मुलासारखा नव्याने मोजायला लागतो.

TR ची संपलेली मुदतही तशीच लिहायची. ‘ती बाद आहे, कशाला लिहायची’ असे ग्राहक म्हणतात. पण मागच्या बाजूला LMV-TR हा वर्ग छापलेला आहे. त्याची २०१४ ची मुदत अनुवादात आली नाही, तर वाचणाऱ्याला २०३४ ही तारीख सगळ्याच वर्गांना लागू वाटेल. म्हणजे संपलेली परवानगी अनुवादकाने वीस वर्षांनी वाढवून दिल्यासारखे होईल. मुदतीच्या दोन नोंदी दोन ओळींत, कोणती कोणाची हे सांगून लिहिल्या की गोंधळाला जागा उरत नाही. ‘मुदत संपली आहे’ असा शेराही अनुवादकाने मारू नये. तारीख लिहिली की वाचणाऱ्याला ती दिसते.

तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहिणे चांगले. जर्मनीत आपल्यासारखाच दिवस आधी आणि महिना नंतर लिहितात, त्यामुळे तिथे ०५-०८-२००४ सहसा चुकीचे वाचले जात नाही. पण तोच इंग्रजी अनुवाद पुढे अमेरिकेत वापरला, तर पाच ऑगस्टचा आठ मे होतो. शिवाय अक्षरांतला महिना लिहिताना अनुवादक स्वतःही एकदा थांबून पाहतो.

फोटोतला आकडा अस्पष्ट असेल, तर तो पडताळायला कार्डातच मदत असते. महाराष्ट्रातल्या आजच्या लायसन्सचा क्रमांक MH आणि आरटीओच्या अंकाने सुरू होतो. पुण्याचे १२, पिंपरी-चिंचवडचे १४, नाशिकचे १५. त्यापुढचे चार अंक लायसन्स पहिल्यांदा मिळाल्याचे वर्ष दाखवतात आणि मग सात अंकी अनुक्रमांक येतो. आपल्या कार्डाचा क्रमांक MH12 2004 असा सुरू होत असेल आणि प्रथम दिल्याची तारीख फोटोत २०२४ वाटत असेल, तर चमकेने फसवले आहे हे लगेच कळते.

मुदतीचा हिशोबही तसाच जुळवून पाहता येतो. सप्टेंबर २०१९ पूर्वी खासगी वाहनांचे लायसन्स वीस वर्षे किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालायचे. चोविसाव्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये मिळालेले म्हणून ते ऑगस्ट २०२४ मध्ये संपणार होते. व्यावसायिक परवानगी तेव्हा तीन वर्षांची असे, म्हणून २०११ ची २०१४ मध्ये संपली. कायदा बदलल्यानंतर तीस ते पन्नास या वयात मिळालेले किंवा नूतनीकरण केलेले लायसन्स दहा वर्षांचे झाले, व्यावसायिक पाच वर्षांचे. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी नूतनीकरण केलेल्या कार्डावर २०३४ बरोबर दिसते, आणि फोटोत २०८४ वाचले जात असेल तर डोळे चुकताहेत. हा हिशोब फक्त शंका घेण्यासाठी आहे. हिशोबाने काढलेला आकडा अनुवादात भरायचा नाही. फोटो पुन्हा मागवायचा. पुन्हाही आकडा दिसला नाही, तर त्या जागी ‘वाचता येत नाही’ असे चौकटी कंसात लिहायचे. डिजिलॉकरमधल्या प्रतीत तो आकडा स्वच्छ दिसत असेल, तरी ती प्रत हा दुसरा दस्तऐवज आहे. तो दाखवायचा असेल तर त्याचा अनुवाद वेगळा करावा. अक्षरे पुसली गेलेल्या जुन्या कार्डांसाठी आरटीओकडून लायसन्सच्या नोंदीचा उतारा मिळतो. सारथी पोर्टलवर त्याची सोय आहे. परदेशी जाण्याआधी तो घेऊन ठेवला तर पुढची धावपळ वाचते.

कार्डावरच्या बाकीच्या नोंदींबद्दल थोडक्यात. बिल्ल्याचा क्रमांक, तो कोणी आणि केव्हा दिला, हे सगळे जसे आहे तसे यायला हवे. नव्या कार्डावर धोकादायक मालाच्या आणि घाटरस्त्याच्या परवानगीच्या मुदतीसाठी जागा असते. बहुतेकांच्या कार्डावर ती कोरी असते. ती गाळू नये, ‘नोंद नाही’ असे लिहावे. रकानाच गाळला तर तो नव्हता की अनुवादकाने सोडला, हे वाचणाऱ्याला समजत नाही. अपंगांसाठी बनवलेल्या वाहनाच्या लायसन्सवर त्या वाहनाचा नोंदणी क्रमांक असू शकतो. परवानगी त्याच वाहनापुरती असल्याने तो क्रमांक सुटला तर अनुवाद मुळापेक्षा जास्त परवानगी देऊन बसतो.

जुन्या पुस्तकी लायसन्सचे काम मात्र खरोखर नाजूक असते. तिथे नूतनीकरण आणि नवा वर्ग जोडल्याची नोंद पेनाने लिहिलेली, त्यावर उप प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याचा गोल शिक्का आणि सही. गुन्ह्याबद्दल न्यायालयाने केलेली नोंद किंवा काही काळापुरती घातलेली बंदीही त्याच पानांवर येऊ शकते. शिक्का निळा की जांभळा, गोल की चौकोनी, त्यातली किती अक्षरे वाचता येतात, सही कुठे आहे, हे सगळे अनुवादात सांगायचे. शिक्क्यात मराठी मजकूर असेल तर त्याचाही अनुवाद करायचा. गैरसोयीची नोंद गाळून द्या, अशी विनंती ग्राहकाने केली तर ती मान्य करता येत नाही, कारण मूळ पुस्तक कार्यालयाच्या खिडकीत अनुवादाच्या शेजारीच उघडले जाणार असते.

नावाची एक गंमत नसलेली अडचण आहे. आपल्या कार्डावर स्वतःचे नाव आणि त्याखाली वडिलांचे किंवा पतीचे नाव वेगळ्या रकान्यात असते. पासपोर्टवर हीच नावे वेगळ्या क्रमाने असू शकतात. अनुवादकाने ती पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करायची नाहीत. फार तर टीप द्यायची, की आडनाव आणि नाव असे वेगळे रकाने मूळ कार्डावर नाहीत.

जर्मन कार्यालयांना चालणारे अनुवादक न्यायालयात शपथ घेतलेले असतात, आणि त्यांची सरकारी यादी justiz-dolmetscher.de या संकेतस्थळावर भाषेप्रमाणे शोधता येते. भारतात आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय चालक परवाना ही वेगळी गोष्ट आहे. तो फार तर एक वर्ष चालतो, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर त्याच दिवशी संपतो. त्याचे पुस्तक पाहून जर्मन लायसन्स मिळत नाही, त्यासाठी मूळ लायसन्स आणि त्याचा अनुवादच लागतो.

दोन्ही परीक्षा पास झाल्यावर जर्मन कार्ड हातात येते ते भारतीय कार्ड जमा करून. म्हणून जमा करण्याच्या आदल्या दिवशी कार्डाच्या दोन्ही बाजू नीट स्कॅन करून, शिक्का मारलेल्या अनुवादाच्या प्रतीबरोबर ठेवाव्यात. पुढे भारतात परत आल्यावर आरटीओत डुप्लिकेट मागायची वेळ आली, तर क्रमांक, वर्ग आणि तारखा तिथूनच सांगता येतील.